उन्हाळी, ऊन लागणं आणि सेप्सिस : घरच्या माणसाचं बीपी घसरू लागलं तर पहिल्या तासांत काय करायचं

मे महिन्याचा तिसरा आठवडा होता. मानेवाड्याकडे, आमच्याच गल्लीत राहणाऱ्या काकूंना तीन दिवसांपासून लघवीला जळजळ होत होती. नागपुरात या दिवसांत असं झालं की सगळे एकच म्हणतात, उन्हाळी लागली. काकूही तेच म्हणाल्या. धने-जिऱ्याचं पाणी झालं, सब्जा झाला, पन्हं झालं. सोमवारी संध्याकाळी त्यांना अशी हुडहुडी भरली की कूलर बंद करून दोन चादरी पांघराव्या लागल्या. मुलानं तापाची गोळी दिली, ताप उतरला, सगळे झोपले. मंगळवारी दुपारी साडेअकराला त्यांच्या सुनेचा मला फोन आला, "ताई, आई कशीतरीच बोलून राहिल्या जी. तुम्ही येऊन पाहता का?"

मी नर्स आहे. कॅज्युअल्टी आणि आयसीयूत बरीच वर्षं काढली आहेत. काकूंचं पुढे काय झालं ते सांगता सांगता मी तुम्हाला घरी काय बघायचं, कसं मोजायचं, कधी निघायचं आणि दवाखान्यात काय बोलायचं हे सांगणार आहे. घरात मधुमेही आई, म्हातारे सासरे किंवा नुकतंच ऑपरेशन झालेलं कुणी असेल आणि ही जबाबदारी तुमच्यावर पहिल्यांदाच आली असेल, तर हे तुमच्यासाठीच लिहिलं आहे. यातले सगळे आकडे मोठ्या माणसांचे आहेत. लहान मुलांचे वेगळे असतात, ते यात धरू नका.

आधी समजून घ्या : जंतुसंसर्गानं बीपी का पडतं

आपल्याकडे जखमेत पू झाला की "सेप्टिक झालं" म्हणतात. सेप्सिस त्याहून वेगळं आहे. जंतू एका जागी असतात, लघवीच्या मार्गात, फुप्फुसात, पायाच्या जखमेत किंवा पित्ताशयात. त्यांच्याशी लढताना शरीराचा प्रतिसाद आवरेनासा होतो आणि त्या लढाईचं नुकसान मूत्रपिंड, मेंदू, फुप्फुस, हृदय अशा दूरच्या अवयवांना होऊ लागतं. त्याला सेप्सिस म्हणतात. २०१६ साली ठरलेल्या व्याख्येतही भर यावरच आहे. नुसता ताप आणि संसर्ग म्हणजे सेप्सिस नाही, संसर्गामुळे अवयव बिघडू लागणं म्हणजे सेप्सिस.

बीपी पडण्याचं कारण पाण्याच्या पाइपांवरून सहज कळतं. टाकीत पाणी तेवढंच आहे, पण घरातले सगळे पाइप एकाएकी दुप्पट रुंद झाले आणि जागोजागी झिरपू लागले, तर वरच्या मजल्यावरच्या नळाला पाण्याचा जोर राहील का? सेप्सिसमध्ये नेमकं हेच होतं. शरीरात नायट्रिक ऑक्साइडसारखी द्रव्यं भरमसाट तयार होतात, त्यांनी रक्तवाहिन्या सैलावतात. बारीक वाहिन्यांच्या भिंती गळू लागतात आणि रक्तातलं पाणी आजूबाजूच्या मांसात उतरतं. रक्त शरीराबाहेर थेंबभरही गेलेलं नसतं, तरी वाहिन्यांमधला दाब ढासळतो. त्यात बऱ्याच जणांचं हृदयही काही काळ कमजोर पडतं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, पुढची सगळी पावलं तिच्यावर उभी आहेत. शरीर बीपी सहजासहजी पडू देत नाही. ते आधी नाडी वाढवतं, श्वास वाढवतं, हातापायांचं आणि मूत्रपिंडाचं रक्त कमी करून मेंदू-हृदयाकडे वळवतं. ही धडपड थकली की मग बीपी पडतं. म्हणजे बीपी कमी दिसतं तेव्हा आजार सुरू होऊन बरेच तास झालेले असतात. म्हणूनच फक्त बीपीच्या मशीनकडे बघत बसायचं नाही, आणि थर्मामीटरकडे तर मुळीच नाही.

पहिलं पाऊल : संसर्गाचा धागा शोधा

माणूस अचानक गळून गेलं, की मागच्या आठवड्यात काय काय झालं ते आठवा. लघवीची जळजळ, खोकला आणि कफ, पायाची न भरणारी जखम, पोटदुखी, जुलाब, दाढेची सूज, सलाईनची सुई लावलेली जागा लाल होणं, कॅथेटर, नुकतंच झालेलं बाळंतपण किंवा गर्भपात. यातलं एखादं असेल तर सेप्सिसची शंका धरूनच पुढचं बघायचं. मधुमेह, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार, केमोथेरपी, स्टिरॉइडच्या गोळ्या, सिकलसेल किंवा पासष्टीच्या पुढचं वय असेल तर शंका आणखी लवकर घ्या. काकू सहासष्ट वर्षांच्या, साखर बारा वर्षांपासून, शिवाय बीपीची गोळी चालू. लघवीची जळजळ हा धागा तीन दिवस सगळ्यांसमोर होता, फक्त त्याचं नाव उन्हाळी पडलं होतं.

उन्हाळीबद्दल एवढंच सांगते. पाणी कमी पडल्यानं लघवी गडद होते, थोडी जळजळते, आणि भरपूर पाणी प्यायल्यावर दिवसाभरात शांत होते. पण जळजळीबरोबर थंडी वाजून ताप आला, कंबरेच्या वर एका बाजूला दुखू लागलं, लघवी गढूळ झाली किंवा उलट्या सुरू झाल्या, तर तो मूत्रपिंडापर्यंत पोचलेला संसर्ग समजायचा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. मधुमेही माणसाच्या बाबतीत तर धने-जिऱ्याच्या पाण्यावर दुसरा दिवस उजाडू देऊ नका.

दुसरं पाऊल : बीपीच्या आधी चार गोष्टी बघा

*श्वास.* घरी जे जे मोजता येतं त्यात मला हे सगळ्यात मोलाचं वाटतं, आणि नेमकं हेच कुणी मोजत नाही. माणसाला सांगू नका, सांगितलं की श्वास बदलतो. नाडी बघतोय असं दाखवून मनगट धरा आणि पोट किंवा छाती किती वेळा वर येते ते घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारानं गुणू नका, त्यात चूक होते. निवांत पडलेल्या माणसाचा श्वास मिनिटाला बारा ते वीस असतो. बावीस किंवा जास्त आला तर काळजीचं आहे, आणि पंचवीस असेल तर पुढचं काही मोजायच्या आधी गाडीची सोय करायला सांगा. काकूंचा अठ्ठावीस होता. घरचे म्हणत होते, "उकाड्यानं धाप लागून राहिली." उकाड्यानं थोडा श्वास वाढतो हे खरं, पण कूलरसमोर आडव्या पडलेल्या बाईचा अठ्ठावीस होत नाही.

*बोलणं आणि भान.* वार कोणता, आपण कुठं आहोत, समोर कोण, असे साधे प्रश्न विचारा. पूर्ण बेशुद्धीची वाट पाहायची नाही. नेहमी टापटीप असणारी बाई पदर सावरत नाही, एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलते, सारखी डुलकी घेते, चिडते, चालताना तोल जातो, हेही भान हरपणंच आहे. त्या सकाळी काकूंनी मुलाला आपल्या भावाच्या नावानं हाक मारली होती. सगळ्यांना वाटलं, झोपेत बोलल्या. नेहमीचं वागणं कसं असतं ते डॉक्टरला माहीत नसतं, तुम्हाला असतं. म्हणून "आमची आई अशी नसते" हे तुमचं वाक्य तपासणीइतकंच महत्त्वाचं आहे. भान बिघडलेलं दिसलं की घरात ग्लुकोमीटर असल्यास साखरही लगेच बघा. मधुमेहात साखर खूप उतरली तरी माणूस असंच करतं, आणि त्यावरचा उपाय वेगळा आहे.

*लघवी.* शेवटची कधी झाली, किती झाली, रंग कसा होता? मूत्रपिंडाला रक्त पुरत असेल तर वजनाच्या दर किलोमागे तासाला साधारण अर्धा मिलिलिटर तरी लघवी व्हायला हवी. साठ किलोच्या माणसाला तासाला तीस, म्हणजे सहा तासांत जेमतेम चहाचे दोन छोटे कप. सुनेला विचारलं तर ती म्हणाली, रात्री तीनच्या नंतर त्या गेल्याच नाहीत. साडेआठ तास झाले होते. त्या काळात दोन ग्लास पन्हं आणि सकाळी जवळच्या दवाखान्यात लावलेलं एक सलाईन पोटात आणि शिरेत गेलं होतं, तरीही लघवी नाही.

*त्वचा.* बोटाचं टोक पाच सेकंद दाबून सोडा. पांढरं पडलेलं बोट तीन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला पाहिजे. काकूंना पाच लागले. गुडघ्यांभोवती निळसर, जाळीसारखे डाग दिसतात का ते बघा, सावळ्या अंगावर ते नीट प्रकाशात बघावे लागतात. हातपाय गार आणि अंग चिकट असेल तर ते वाईट लक्षण आहे. मात्र सुरुवातीला वाहिन्या सैल पडलेल्या असल्यानं हात उलट गरम आणि लालसरही असू शकतात, तेव्हा गरम हात बघून निर्धास्त होऊ नका.

तिसरं पाऊल : बीपी मोजा, आणि नेहमीच्या आकड्याशी ताडून बघा

माणसाला आडवं करा, दंडाचा पट्टा बाहीवरून न लावता उघड्या दंडावर लावा, हात हृदयाच्या उंचीवर ठेवा. दोन मिनिटांच्या अंतरानं दोनदा मोजा. घरातलं डिजिटल मशीन फार कमी बीपीत गोंधळतं आणि एरर दाखवतं. घरचे म्हणतात सेल उतरले. त्याच मशीननं तुमचं स्वतःचं बीपी घेऊन बघा. तुमचं नीट आलं आणि पेशंटचं येत नाही, तर सेल बदलत बसू नका, निघा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचंही तसंच आहे. बोट गार असेल, त्यात रक्त पोचत नसेल, तर त्यावर आकडाच येत नाही. काकूंकडे दोन्ही झालं. ऑक्सिमीटर कोरं राहिलं, बीपी दोनदा एरर आलं, तिसऱ्यांदा ८४/४६ आलं आणि नाडी ११८.

वरचा आकडा शंभर किंवा त्याखाली आणि सोबत संसर्गाची शंका, हे धोक्याचं. पण ज्यांचं बीपी मुळातच जास्त असतं त्यांच्यात हा आकडा फसवतो. जी व्यक्ती एरवी १५० वर राहते तिचं ११० आलं तर शेजारी म्हणतील, किती छान बीपी आहे. तिच्या मूत्रपिंडाला मात्र ते कमीच असतं. नेहमीपेक्षा चाळीसनं उतरलं तर ते पडलेलंच समजा. यासाठी माणूस धडधाकट असतानाचं बीपी घरच्या कॅलेंडरवर महिन्यातून एकदा लिहून ठेवलं तर फार उपयोग होतो.

आयसीयूत आम्ही सरासरी दाब बघतो. खालचा आकडा दुप्पट करा, त्यात वरचा मिळवा, तीननं भागा. काकूंचं गणित करू. छेचाळीस दुणे ब्याण्णव, अधिक चौऱ्याऐंशी, झाले एकशे शहात्तर. भागिले तीन, साधारण एकोणसाठ. सेप्सिसच्या उपचारात हा आकडा किमान ६५ वर ठेवायचा असतो. त्याखाली मूत्रपिंडासारख्या अवयवांना रक्त पुरेनासं होतं.

एक सावधगिरी. हृदयाची किंवा बीपीची काही औषधं नाडी वाढू देत नाहीत. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉलसारखी गोळी चालू असेल तर नाडी ऐंशी दिसली तरी तेवढ्यावरून आजार हलका समजू नका.

दोन सापळे, ज्यांत तास जातात

पहिला सापळा तापाचा. पॅरासिटामॉलनं ताप चार ते सहा तास खाली राहतो, संसर्ग आहे तिथेच असतो. मी पोचले तेव्हा काकूंच्या थर्मामीटरवर ९८.२ होतं आणि मुलगा म्हणाला, "ताप तर नाहीच आहे." वय झालेल्यांना, स्टिरॉइड घेणाऱ्यांना कधी कधी ताप येतच नाही. उलट अंग ९६.८ च्याही खाली थंड पडतं, आणि ते जास्त घाबरण्यासारखं असतं.

आपल्या शहरात याला उन्हाची जोड मिळते. पारा पंचेचाळिसाच्या आसपास असताना गळून गेलेला प्रत्येक माणूस ऊन लागलेलाच वाटतो. घरी ओळखायला दोन खुणा कामाच्या आहेत. उन्हानं हुडहुडी भरून दात वाजत नाहीत, ते जंतुसंसर्गाचं लक्षण. आणि नुसतं उन्हानं थकलेलं माणूस सावलीत झोपवून, अंग पुसून, ओआरएस दिल्यावर तासाभरात बरंच सावरतं. जे सावरत नाही ते ऊन असो की सेप्सिस, घरी ठेवायचं नाही. भान बिघडलं असेल तर एक तासही थांबायचं नाही, कारण खरा उष्माघातही तितकाच जीवघेणा आहे. त्यातलं नेमकं काय, हे ठरवायचं काम दवाखान्याचं.

दुसरा सापळा सलाईनचा, आणि तो मला जास्त सलतो. त्या सकाळी आठ वाजता काकूंना जवळच्या दवाखान्यात नेलं होतं. तिथे बीपी ९०/६० निघालं, एक बाटली सलाईन लावलं, बीपी १०४/६४ झालं, तोंडावर थोडी तरतरी आली. ऊन लागलं असेल म्हणून दहा वाजता घरी पाठवलं. गळक्या पाइपात बादलीभर पाणी ओतलं तर थोडा वेळ जोर येतो, पण गळती चालूच असते. दीड तासात बीपी आधीपेक्षाही खाली गेलं होतं.

म्हणून सलाईननं बीपी वर आलं आणि घरी जा म्हटलं, तर तिथून उठायच्या आधी तीन प्रश्न विचारा. बीपी कशामुळे पडलं होतं? आता श्वास किती आहे? लघवी झाली का? उत्तर समाधानकारक नसेल तर मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी मागून घ्या. घरी आलातच तर दर अर्ध्या तासानं श्वास, बीपी, भान लिहून ठेवा, आणि एकही गोष्ट मागे गेली की निघा.

चौथं पाऊल : निघताना काय करायचं, काय नाही

बीपीची गोळी देऊ नका. हे साधं वाटतं, पण सकाळच्या गोळ्यांची डबी उघडून सवयीनं सगळ्या गोळ्या दिल्या जातात. काकूंनाही त्या सकाळी साडेसातला मिळाली होती. साखरेच्या गोळ्या आणि इन्सुलिनचं डॉक्टरला विचारूनच ठरवा. घरात उरलेली अँटिबायोटिक किंवा औषधाच्या दुकानातून आणलेल्या दोन गोळ्या देऊ नका. तोंडावाटे दिलेल्या एका गोळीनं सेप्सिस आवरत नाही, जंतू त्या औषधाला न जुमानणारे निघू शकतात, आणि नंतर रक्ताच्या कल्चरमध्ये जंतू सापडणं अवघड होतं.

भान नसलेल्याला बळेच पाणी, ग्लुकोज, लिंबू सरबत पाजू नका, ते फुप्फुसात जातं. जिना उतरायला चालवू नका, खुर्चीत बसवून उचलून उतरवा. गुंगीत असेल तर कुशीवर झोपवा.

१०८ ला फोन करा. पत्ता सांगताना चौक आणि ठळक खूण आधी सांगा, मग गल्ली. गाडीला वेळ लागेल असं कळलं आणि दारात चारचाकी असेल तर थांबू नका. ऑटोत बसवून, दोघांनी धरून, उन्हात नेणं हा अगदी शेवटचा पर्याय. कुठे न्यायचं? अंतरापेक्षा तिथे काय आहे ते बघा. आयसीयू, चोवीस तास लॅब आणि सोनोग्राफी हवी. नागपुरात मेडिकल, मेयो, मिहानमधलं एम्स आहेच, आणि ज्या खाजगी दवाखान्यात या सोयी आहेत तेही. निघतानाच फोन करून बेड आहे का ते विचारा, दोन दारांवर फिरण्यात अर्धा तास सहज जातो. सोबत जुन्या फायली शोधत बसू नका. चालू गोळ्यांची पिशवी तशीच उचला, आणि कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे ते लक्षात ठेवा.

दारात काय बोलायचं ते आधीच ठरवा. "खूप अशक्तपणा आहे" म्हटलं तर रांगेत बसवतील. काकूंच्या मुलाला मी गाडीत हे वाक्य पाठ करायला लावलं : "तीन दिवसांपासून लघवीचं इन्फेक्शन, काल थंडी वाजून ताप, आज भान बरोबर नाही, श्वास अठ्ठावीस, बीपी ८४/४६, रात्री तीनपासून लघवी नाही. सेप्सिस असेल का, ते बघा." एवढं ऐकल्यावर नोंदणीच्या खिडकीकडे कुणी पाठवत नाही.

पाचवं पाऊल : दवाखान्यातले पहिले तास

आत काय चाललंय हे माहीत असलं की सही करताना, पैसे भरताना हात अडखळत नाही. आम्ही बारा दहाला पोचलो. दोन सुया लागल्या, कल्चरसाठी रक्त आणि लघवी घेतली, रक्तातलं लॅक्टेट तपासलं. अवयवांना रक्त कमी पडलं की लॅक्टेट वाढतं. साधारण दोनच्या आत हवं, काकूंचं ४.६ होतं. साखर ३१२. बारा चाळीसला शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं. बीपी पडलेलं असेल तर ते ओळखल्यापासून तासाभरात मिळावं असं जगभरच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. बीपी टिकून आहे आणि निदानाची खात्री नाही, तर तीन तासांपर्यंत तपासायला वेळ घेता येतो, कारण गरज नसताना अँटिबायोटिक देणंही बरं नाही. कल्चरचं रक्त औषधाच्या आधी घ्यायचं, पण त्यासाठी औषध खोळंबून ठेवायचं नाही.

मग सलाईन. वजनाच्या किलोमागे तीस मिलिलिटर, तीन तासांत. काकूंचं वजन साठ, म्हणजे अठराशे मिलिलिटर. हा आकडा सगळ्यांना सरसकट लागू नाही. हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर डॉक्टर थोडं थोडं देऊन, फुप्फुस तपासत पुढे जातात. सलाईन चालू असूनही सरासरी दाब ६५ वर टिकेना, म्हणून नॉरअ‍ॅड्रिनलिन पंपावर लावलं. हे औषध सैल पडलेल्या वाहिन्या आवळतं. नातेवाईक याला "बीपी वाढवायचं औषध" म्हणतात आणि ऐकून हबकतात. पण नुसतं सलाईन ओतत राहण्यापेक्षा ते वेळेवर लावणं बरं असतं. जास्तीचं पाणी शेवटी फुप्फुसात आणि अंगात साचतं.

तासांचं महत्त्व कुठून आलं तेही सांगते. २००६ साली अमेरिका-कॅनडातल्या सेप्टिक शॉकच्या, म्हणजे सेप्सिसनं बीपी पडलेल्या, २७३१ रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. बीपी पडल्यानंतरच्या पहिल्या सहा तासांत योग्य अँटिबायोटिकला जितका उशीर, तितके वाचणारे कमी, दर तासाला सरासरी साडेसात टक्क्यांच्या आसपास. पुढे न्यूयॉर्क राज्यात अशा उपचारांची वेळ पाळणं दवाखान्यांना सक्तीचं झालं. तिथल्या सुमारे ४९ हजार रुग्णांच्या २०१७ च्या अभ्यासात उशिराचा परिणाम इतका तीव्र दिसला नाही, पण दिशा तीच होती. हे दोन्ही अभ्यास जुन्या नोंदींवरचे आहेत, त्यामुळे दर तासाचा आकडा दगडावरची रेघ मानू नका. बीपी पडलेल्यांसाठी मात्र घड्याळ सगळ्यात भराभर पळतं, यावर वाद नाही.

आता ती गोष्ट जी घरच्यांना बहुधा कुणी समजावत नाही. अँटिबायोटिक रक्तातून जातं. पू कुठे कोंडलेला असेल तर तिथे ते पुरेसं पोचत नाही. काकूंची सोनोग्राफी केली तेव्हा उजवं मूत्रपिंड फुगलेलं दिसलं. मूत्रनलिकेत खडा अडकला होता आणि त्याच्या वर पू झालेली लघवी तुंबली होती. औषध आणि सलाईन कितीही दिलं तरी ही वाट मोकळी झाल्याशिवाय बीपी सावरलं नसतं. संध्याकाळी सहाला मूत्रनलिकेत डीजे स्टेंट, म्हणजे लघवीला वाट देणारी बारीक नळी, टाकला. मुलगा घाबरला होता, "इतकी सिरियस असताना ऑपरेशन कावून?" म्हणून विचारत होता. सिरियस होत्या म्हणूनच. खडा त्या दिवशी काढला नाही, फक्त अडकलेल्या लघवीला वाट दिली. गळू फोडणं, सडलेलं बोट काढणं, पित्ताशयाचा पू काढणं, ही सगळी त्याच जातीची कामं. डॉक्टर अशा वेळी सही मागतील तेव्हा "उद्या सकाळी मामांना विचारून सांगतो" असं करू नका, मामांना तेव्हाच फोन लावा.

रात्री दहाला युरिन बॅगमध्ये पहिल्यांदा बघण्याजोगी लघवी दिसली. तिसऱ्या दिवशी नॉरअ‍ॅड्रिनलिन बंद झालं. कल्चरमध्ये ई. कोलाय निघाला, त्यावर चालणारं औषध ठरलं. मूत्रपिंडाचं काम बिघडलं की रक्तात वाढणारं क्रिएटिनिन २.४ वरून १.१ वर उतरलं आणि नवव्या दिवशी त्या घरी आल्या.

पावसाळ्यानंतरची एक वेगळी नोंद

ऑगस्टपासून पुढे विदर्भात आणखी एक कारण डोक्यात ठेवावं लागतं, स्क्रब टायफस. २०१८ साली नागपुरात आणि आसपास त्याचे बरेच रुग्ण आढळले होते. गवतातल्या बारीक किड्याच्या चावण्यातून तो होतो. ताप, डोकेदुखी, मग धाप आणि पडलेलं बीपी, दिसायला सेप्सिसच. पण सेप्सिसमध्ये नेहमी पहिल्यांदा दिली जाणारी बरीच अँटिबायोटिक त्यावर चालत नाहीत, डॉक्सिसायक्लिनसारखं औषध लागतं. चावलेल्या जागी विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली असते आणि ती दुखत नाही, म्हणून पेशंटला स्वतःला ठाऊकच नसतं. काखेत, जांघेत, स्तनांखाली, कंबरपट्ट्याच्या जागी, कानामागे नीट शोधा. शेतात किंवा गवतात गेला होता का, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा. खपली प्रत्येकात सापडते असं नाही, तेव्हा ती नाही म्हणून तो आजार नाही असं धरू नका.

घरी आल्यावर

सुट्टी झाली म्हणजे सगळं पूर्ववत झालं असं नसतं. काकूंना दीड-दोन महिने जिना चढवत नव्हता. केस गळाले, रात्री दचकून उठायच्या, भाजीत मीठ घातलं की नाही ते विसरायच्या. असं पुष्कळांना होतं, तो त्यांचा हट्ट किंवा आळस नाही. याच काळात संसर्ग पुन्हा होण्याची भीती जास्त असते, म्हणून अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण करा, साखर आवाक्यात ठेवा आणि दाखवायची तारीख चुकवू नका. बीपीची गोळी पुन्हा कधी सुरू करायची ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

स्टेंटचं तर कॅलेंडरवर मोठं लिहा. तो ठरलेल्या मुदतीत काढावा लागतो. विसरलेल्या स्टेंटवर क्षार चढतात आणि तोच पुढच्या संसर्गाचं घर होतो. काकूंचा खडा आणि स्टेंट पाच आठवड्यांनी एकाच वेळी निघाला. त्या दिवशी दवाखान्यात सुनेनं पर्समधून एक वही काढली. रोजची तारीख, बीपी, श्वास, आणि शेवटच्या रकान्यात "लघवी : नीट".